अपूर्ण राहिलेले घराचे काम ३० मे २०२६ पर्यंत पूर्ण करावे, अन्यथा १,९०,००० रुपये परत करावेत

दिनांक : ४ मे २०२६
स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. प्रत व्हॉट्सॲपवरही पाठवली आहे.

प्रति,
कंत्राटदार,
सदनिका क्रमांक ६, दुसरा मजला, कर्वेनगर, पुणे ४११०५२ येथील नूतनीकरणाचे काम

महोदय,
नमस्कार.

८ जानेवारी २०२६ रोजी आपण आणि मी आमच्या घराच्या कामाचा करार केला. साहित्य आणि मजुरी धरून ५,२०,००० रुपये ठरले आणि काम १५ मार्चपर्यंत पूर्ण करायचे, असे आपणच आपल्या हाताने करारात लिहिले. "पाडव्याची गुढी नव्या घरात उभारा," हे आपलेच शब्द. पाडवा होऊन दीड महिना उलटला. ९ मार्चनंतर आपल्या एकाही माणसाने आमच्या घरात काम केलेले नाही. आतापर्यंत बहुतेक बोलणे फोनवर झाले. आता ते लेखी करते आहे.

हे काम आम्ही हौसेखातर काढले नव्हते, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझे सासरे, दादा, ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना खाली बसता येत नाही. पॅसेजमधले शौचालय भारतीय पद्धतीचे आहे, म्हणून बेडरूमच्या बाथरूममध्ये कमोड बसवायचे आणि भिंतीला धरायला दांडा लावायचा, हे करारातले पहिले कलम आहे. ते कमोड आज खोक्यातून बाहेरही निघालेले नाही. दादा जानेवारीपासून पलंगाशेजारी ठेवलेली भाड्याची कमोडची खुर्ची वापरतात. रोज सकाळी भांडे उचलताना ते आमच्याकडे बघत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. हे आपल्याला कळावे, एवढ्यासाठी लिहिले. पुढचे हिशेबाचे आहे.

आपल्याला दिलेल्या रकमा अशा : ८ जानेवारीला १,५०,०००, २७ जानेवारीला १,२०,०००, १४ फेब्रुवारीला १,००,००० आणि ३ मार्चला ६०,००० रुपये. एकूण ४,३०,०००. पहिल्या तीन रकमा एनईएफटीने आणि शेवटची यूपीआयने दिली आहे. बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. शेवटचे ६०,००० आपण "उद्या प्लायवूड उचलायचे आहे" म्हणून मागितले होते. तो मेसेज माझ्याकडे आहे. प्लायवूडची एक शीटही घरात आलेली नाही.

२६ एप्रिलला सोसायटीच्या सचिवांसमोर घराच्या आजच्या स्थितीचे ४६ फोटो आणि ३ व्हिडिओ काढले. २८ एप्रिलला एका सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून घेतली. त्यांचा सही केलेला अहवाल सोबत आहे. घराची आजची स्थिती अशी आहे :

बेडरूमचे बाथरूम. जुन्या टाइल काढल्या, पाइप टाकले आणि ब्रिकबॅट कोबा केला. त्यावरचे केमिकल कोटिंग झालेले नाही, टाइल नाहीत, नळ नाहीत. नहाणी ट्रॅपमध्ये सिमेंटच्या पोत्याचा तुकडा कोंबलेला आहे, तो ९ मार्चपासून तसाच आहे. खिडकीची चौकट काढून नेली आणि तिथे निळी ताडपत्री खिळ्यांनी ठोकली. पावसाळा तोंडावर आला आहे. पहिल्याच वळवाच्या सरीत ती ताडपत्री टिकणार नाही.

पॅसेजचे बाथरूम. हे आपण "पूर्ण" म्हणून दाखवलेत आणि दिसायला ते पूर्ण आहेही. टाइलचे काम नीट झाले आहे, मिस्त्रीच्या हाताला दोष नाही. पण २२ मार्चला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या छताला आलेली ओल दाखवली. टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवून तपासणी करायची, असे करारात आहे. ती तपासणी झालीच नाही. मी विचारले तेव्हा "आमचे काम गळत नाही, ताई" असे उत्तर मिळाले. २५ एप्रिलला आम्ही स्वतः ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या छताचा ओला डाग ताटाएवढा झाला होता आणि मध्यावरून थेंब गळत होते. काकूंनी खाली पातेले ठेवले होते. पाणी लगेच सोडून दिले. त्या दिवसापासून आम्ही तिथे अंघोळ करत नाही. शेजारच्या सदनिकेत पाळीपाळीने अंघोळीला जातो.

स्वयंपाकघर. ओट्याचा ग्रॅनाइट बसला, सिंकसाठी भोक कापले, सिंक नाही. ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल अर्ध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. भांडी घासायला आम्ही गॅलरीतल्या नळावर बसतो.

वीजकाम. भिंतींना झिऱ्या मारून पाइप बसवले, वायर ओढल्या, पण बोर्ड बसवलेले नाहीत. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये मिळून अकरा ठिकाणी वायरची टोके टेप गुंडाळून लोंबत आहेत. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्या दोन्ही खोल्यांचा एमसीबी आम्ही कायम बंद ठेवतो आणि स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून एक पंखा चालवतो. एप्रिल-मेचा उन्हाळा आम्ही असा काढतो आहोत.

सुतारकाम म्हणजे ट्रॉल्या आणि माळ्याची दारे, यातले काहीही नाही. रंगकामात फक्त हॉलमध्ये पुट्टीचा एक हात झाला आहे.

या काळात आपल्याकडून आलेली उत्तरेही नोंदवून ठेवते. १३ मार्चला मिस्त्री गावी गेला होता. २१ मार्चला टाइल कटर बिघडला होता. ३० मार्चला "शनिवारी नक्की". ११ एप्रिलला दुसऱ्या साइटवर स्लॅब होता. १८ एप्रिलला आपण स्वतः आलात, दारातच उभे राहिलात आणि मालाचे भाव वाढल्यामुळे आणखी ५०,००० आधी दिले तरच माणसे पाठवीन म्हणालात. करारातला दर साहित्यासह ठरलेला आहे आणि भाववाढीचे कलम त्यात नाही. शिवाय झालेल्या कामापेक्षा कितीतरी जास्त रक्कम आपल्याकडे आधीच पोचली आहे. म्हणून मी नाही म्हटले आणि आजही माझे उत्तर तेच आहे.

झालेल्या कामाची किंमत करारातल्याच दरांवरून आणि इंजिनिअरच्या अहवालाप्रमाणे अशी धरली आहे :

तोडफोड आणि राडारोडा वाहून नेणे, पूर्ण : ३५,०००
पॅसेजचे बाथरूम (ठरलेल्या ९५,००० मधून गळतीच्या दुरुस्तीचे २०,००० वजा) : ७५,०००
बेडरूमचे बाथरूम (९५,००० पैकी) : ३०,०००
ओटा आणि टाइल (८५,००० पैकी) : ५०,०००
वीजकाम (७०,००० पैकी) : ४०,०००
सुतारकाम (८०,००० पैकी) : काही नाही
पुट्टी व रंग (६०,००० पैकी) : १०,०००
झालेले काम एकूण : २,४०,०००
दिलेली रक्कम : ४,३०,०००
आपल्याकडे जास्त असलेली रक्कम : १,९०,००० रुपये

यातला एखादा आकडा चुकीचा वाटत असेल तर बिले घेऊन या, समोर बसून बघू. जे काम झाले त्याचे पैसे मला बुडवायचे नाहीत. तोडफोडीचे आणि पॅसेजच्या टाइलचे पैसे म्हणूनच कापलेले नाहीत.

आता माझी मागणी. खालीलपैकी कोणता मार्ग आपण घेणार, ते ११ मे २०२६, सोमवार, सायंकाळी ६ वाजेपर्यंत मला लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवर लिहिले तरी चालेल, फोनवरचे बोलणे धरले जाणार नाही.

पहिला मार्ग, काम पूर्ण करणे. १२ मेपासून माणसे कामावर हवीत आणि करारातले सगळे काम ३० मे २०२६, शनिवारपर्यंत संपले पाहिजे. सुरुवात बेडरूमच्या बाथरूमपासून आणि लोंबणाऱ्या वायरींपासून करायची. पॅसेजची गळती काढून दोन्ही बाथरूममध्ये माझ्यासमोर ४८ तास पाणी भरून दाखवायचे. खालच्या काकूंच्या छताचे प्लास्टर आणि रंग आपल्या खर्चाने करून द्यायचा. करारातले उरलेले ९०,००० मी असे देईन : दोन्ही बाथरूम तपासणीत कोरडे निघाले की ३०,०००, ओटा आणि वीजकाम संपले की ३०,००० आणि सगळे घर ताब्यात आल्यावर ३०,०००. आगाऊ काहीही मिळणार नाही. ३० मेनंतर एक दिवसही वाढवून मिळणार नाही. त्या दिवशी जे अपुरे असेल, त्याचे पैसे याच हिशेबाने परत मागेन.

दुसरा मार्ग, रक्कम परत करणे. काम करणे जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, मी राग धरणार नाही. मग १,९०,००० रुपये २० मे २०२६, बुधवारपर्यंत माझ्या त्याच खात्यात जमा करावेत, म्हणजे पावसाआधी मला दुसरा माणूस लावता येईल. रक्कम मिळाली की गॅलरीतले टाइलचे १४ बॉक्स, कमोड, आपला कटर आणि दोन घमेली घेऊन जावीत. तोवर सगळे सांभाळून ठेवले आहे. त्या सामानाचाही फोटो काढला आहे. टाइल आणि कमोड मी ठेवून घ्यावे असे वाटत असेल तर खरेदीचे बिल दाखवा, तेवढी रक्कम वळती करू.

११ मेपर्यंत उत्तर आले नाही, तर आपण काम सोडले असे समजून दुसरा मार्ग लागू होईल.

२० मेपर्यंत पैसे आले नाहीत, किंवा काम करायचे कबूल करून ३० मेपर्यंत ते झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही. त्यामुळे खर्चाच्या भीतीने मी गप्प बसेन असे समजू नये. त्या तक्रारीत १,९०,००० शिवाय त्यावरचे व्याज, कमोडच्या खुर्चीचे भाडे, खालच्या छताच्या दुरुस्तीचा खर्च आणि आम्हाला झालेल्या मनस्तापाची भरपाई मागितली जाईल. आज मी ती मागत नाही.

आपल्या मिस्त्रीने पॅसेजच्या टाइल ओळीत बसवताना दोरा धरून एकेक टाइल परत काढून लावलेली मी पाहिली आहे. नीट काम कसे करतात हे आपल्या माणसांना येते, म्हणूनच पहिला मार्ग मी अजून खुला ठेवला आहे.

सोमवारी सहापर्यंत उत्तराची वाट पाहते.

आपली,
(सही)
सदनिका क्रमांक ६ ची मालक व करारातील पहिली सही करणारी

सोबत : ८ जानेवारीच्या कराराची प्रत, बँकेचा उतारा, फोटोंचे छापील संच आणि व्हिडिओंचा पेनड्राइव्ह, इंजिनिअरचा अहवाल, ३ मार्च ते १८ एप्रिलमधील मेसेजच्या छापील प्रती.
प्रत माहितीसाठी : सोसायटीचे सचिव, पहिल्या मजल्यावरील सदनिकाधारक.