फिरत्या वाचनालयाचे अंदाजपत्रक, २०२६-२७
(हिंगणघाट मुक्कामी, हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांतील १२ गावांसाठी, कार्यकारी मंडळाच्या सभेपुढे मांडण्यासाठी)

सभासद मित्रहो,

मागच्या सभेत एक सूचना आली होती: "गाडीच्या फेऱ्या निम्म्या करा, खर्च निम्मा होईल." ऐकायला ती सोपी वाटते, म्हणून यंदा सगळ्यात आधी तिचाच हिशेब करून पाहिला. फेऱ्या निम्म्या केल्या तर वर्षाला फक्त ५१,३३६ रुपये वाचतात. एकूण खर्च ५,३४,३४६ रुपये आहे. म्हणजे सेवा अर्धी होते आणि खर्च नव्वद टक्के तसाच राहतो. गाडी उभी असली तरी विमा भरावाच लागतो, पासिंग करावंच लागतं, चालकाला पगार द्यावाच लागतो. डिझेल आणि फेरीचा जेवणभत्ता तेवढा वाचतो आणि यात डिझेलचा वाटा लोकांना वाटतो तितका मोठा नाही. पुढचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं.

गावे आणि वार

पंधरवड्यात सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन गावे. किलोमीटर हिंगणघाटहून निघून परत येईपर्यंतचे, गावातली फिराफिर धरून.

| आठवडा | वार | गावे | किमी |
|---|---|---|---|
| पहिला | मंगळवार | जाम, मांडगाव | ४२ |
| पहिला | गुरुवार | गिरड, वायगाव (हळद्या) | ८८ |
| पहिला | शुक्रवार | आजनसरा, बुरकोनी | ५२ |
| दुसरा | मंगळवार | नंदोरी, कोरा | ८२ |
| दुसरा | गुरुवार | वडनेर, पोहणा | ५६ |
| दुसरा | शुक्रवार | अल्लीपूर, कापसी | ६० |
| | | पंधरवड्याची बेरीज | ३८० |

पहिल्या गावात सकाळी ११ ते १, शाळेच्या आवारात. दुसऱ्या गावात दुपारी साडेतीन ते सहा, चौकात किंवा मंदिरासमोर. आजनसऱ्याला बुधवारी आणि रविवारी पुरणपोळीच्या स्वयंपाकाची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून तिथे शुक्रवार.

हे वेळापत्रक बारा महिने चालणार नाही, हे विदर्भात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एप्रिल ते जून गाडी सकाळी सातला गावात पोचेल आणि साडेअकराच्या आत परत येईल. त्या उन्हात पत्र्याच्या गाडीत मुलं उभी करणं शहाणपणाचं नाही. शाळा आपल्याकडे राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर मुलं सुटीत असतात आणि खरं वाचन याच दिवसांत होतं, म्हणून मे महिन्यात गाडी बंद ठेवण्याला माझा विरोध आहे. ऑक्टोबरपासून सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी लागली की बाया दुपारी घरी नसतात. तेव्हा दुसऱ्या गावचा थांबा संध्याकाळी सातपर्यंत वाढवू. पोळा, तान्हा पोळा आणि दिवाळीचा आठवडा सुटी.

पावसाळ्यात कोऱ्याच्या वाटेवर रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी नंदोरीतूनच मागे फिरेल. पाण्यात गाडी घालण्याचा निर्णय चालकाने घ्यायचा नाही आणि आपणही फोनवरून तसं सांगायचं नाही.

सुट्या आणि पाऊस वजा जाता २६ पैकी २४ पंधरवडे धरले, म्हणजे १४४ फेऱ्या.

डिझेल

३८० × २४ = ९,१२० किमी. वर्ध्याला पासिंगला जाणं, वर्कशॉप आणि नागपुरातून पुस्तकं आणणं यासाठी ७३० किमी. एकूण ९,८५० किमी. आपली टेम्पो ट्रॅव्हलर मागच्या वर्षीच्या लॉगबुकप्रमाणे लिटरला साडेनऊ किमी देते. १,०३७ लिटर, दर ९२ रुपये धरून ९५,४०० रुपये. थांब्यावर इंजिन बंद राहील, पंखा आणि दिवा वेगळ्या बॅटरीवर. लॉगबुकात प्रत्येक फेरीचं सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर लिहिणं सक्तीचं. पंपाची पावती त्याच पानाला टाचायची, नाहीतर मार्चअखेरीस मला डोकं धरून बसावं लागतं.

चालक

सभेत यावर वाद होणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पगार १२,५०० वरून १५,००० करावा असा प्रस्ताव आहे. वर्षाला ३०,००० रुपये वाढतात. मागच्या वर्षी आपल्या चालकाला एका शाळेच्या बसवर जास्त पगाराची नोकरी मिळत होती. तो गेला नाही, पण दरवर्षी थांबेलच असं धरून चालता येणार नाही. मांडगावातली कोणती म्हातारी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागते, वडनेरचा कोणता पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो आणि पुस्तक वेळेवर आणत नाही, हे त्याला तोंडपाठ आहे. नवा माणूस गाडी चालवेल, पण वाचक राखायला त्याला दोन वर्षं लागतील. तो स्वतः म्हणतो, "भाऊ, गाडी एक खेप चुकली त लोकं इचारते, दोन चुकल्या त इसरते." मागच्या जुलैत गिअरबॉक्स गेला आणि गाडी सात आठवडे उभी राहिली, तेव्हा हे आपण पाहिलं. कापसीत त्यानंतर निम्मे वाचक परत आलेच नाहीत.

पगार १,८०,०००, फेरीमागे १०० रुपये जेवणभत्ता १४,४००, दिवाळीला ८,०००. प्रधानमंत्री सुरक्षा विमा २० रुपये आणि जीवनज्योती ४३६ रुपये, हे दोन्ही आपण भरू. रजेच्या १२ दिवसांसाठी बदली चालक, रोज ६०० प्रमाणे ७,२००. एकूण २,१०,०५६ रुपये.

सोबत देवघेव नोंदवणारी सहायक, महिना ४,२०० प्रमाणे ५०,४०० रुपये. ती एम.ए. झाली आहे, एवढ्यावर किती दिवस राहील याची मला चिंता आहे, पण यंदा याहून जास्त बसत नाही.

गाडी

गाडी नऊ वर्षांची आहे. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, त्यामुळे हा खर्च आता कायमचा आहे. विमा २४,०००, पासिंग व पीयूसी ९,५००, दोन सर्व्हिसिंग १५,०००, दोन टायर १३,०००, दुरुस्ती व बॅटरी २२,०००. बेरीज ८३,५००.

पुस्तकं आणि त्यांची फेरपालट

एकूण २,४०० पुस्तकं. ९०० गाडीतल्या मांडणीवर, ७२० पेट्यांमध्ये, उरलेली ७८० हिंगणघाटला बदलीसाठी आणि बांधणीसाठी.

पेटीची कल्पना माझी नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत असत. आपल्याकडे बारा पेट्या, प्रत्येकीत ६० पुस्तकं. पेटी गावात शाळेत किंवा समाजमंदिरात आठ आठवडे राहते, मग पुढच्या गावी जाते. मांडगावची पेटी गिरडला, गिरडची वायगावला, असं. बारा गावांचा फेरा पूर्ण व्हायला ९६ आठवडे, म्हणजे जवळजवळ बावीस महिने. एका गावाला एकही नवं पुस्तक विकत न घेता ७२० पुस्तकं पाहायला मिळतात. गाडी चुकली तरी गावात काहीतरी असतं, हा पेटीचा खरा उपयोग.

पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवायची आणि पेटी हलवताना मोजून सही घ्यायची. पावसाळ्यात वाळवी आणि उंदीर यांचा त्रास आहेच, म्हणून लाकडी पेट्यांऐवजी प्लॅस्टिकचे झाकणबंद डबे घेतो, १२ × ४२० = ५,०४० रुपये. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मात्र पेटीत टाकायची नाहीत. ती एकाच्या घरी जाऊन बसतात आणि पंधरा जण वाट पाहतात. ती गाडीतूनच, पंधरा दिवसांच्या मुदतीने.

नवी ३०० पुस्तकं सरासरी १७० रुपयांनी ५१,००० (छापील पुस्तकांवर जीएसटी नाही), बांधणी १५० × ४५ = ६,७५०, मुलांची मासिकं ४,८००, कव्हर व नोंदवह्या ३,२००. बेरीज ६५,७५०. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून पुस्तकं मिळाली तर छान, पण ती रोख रक्कम नव्हे आणि केव्हा येतील ते आपल्या हातात नाही, म्हणून हिशेबात धरली नाहीत.

सगळा खर्च

| बाब | रुपये |
|---|---|
| डिझेल | ९५,४०० |
| चालक | २,१०,०५६ |
| सहायक | ५०,४०० |
| गाडी | ८३,५०० |
| पुस्तकं | ६५,७५० |
| पेट्या (५,०४०), मोबाईल व किरकोळ (४,२००) | ९,२४० |
| अनपेक्षित | २०,००० |
| एकूण | ५,३४,३४६ |

जमा

| बाब | रुपये |
|---|---|
| सभासद वर्गणी, ६४० × ६० | ३८,४०० |
| ग्रामपंचायती, १२ × ९,००० | १,०८,००० |
| नागपूर-पुण्यातील देणगीदार | १,५०,००० |
| हिंगणघाटचे व्यापारी व जिनिंगवाले | १,२०,००० |
| वाचनालयाचा स्वतःचा निधी | ६०,००० |
| एकूण | ४,७६,४०० |

तूट ५७,९४६ रुपये. शासनाचं परिरक्षण अनुदान मुख्य वाचनालयाच्या पगार-पुस्तकांत संपतं, गाडीला त्यातून काही मिळत नाही. वर्गणी वाढवायला मी तयार नाही. ज्या घरात वर्षाला साठ रुपये देतानाही विचार करावा लागतो, त्याच घरातली मुलं सगळ्यात आधी गाडीकडे धावतात. उशिराचा दंडही नको. दंडाच्या भीतीने पुस्तक परत येत नाही आणि वाचकही.

तूट अशी भरावी. ग्रामपंचायतींना ९,००० ऐवजी ११,००० मागावे, त्यातून २४,००० येतील. उरलेल्या ३३,९४६ साठी "एक फेरी माझी" योजना: एका फेरीचं डिझेल सरासरी ६१३ आणि भत्ता १००, म्हणजे ७१३. देणगी ७५० ठेवली तर ४६ फेऱ्यांचे दाते पुरतात. वाढदिवस, पुण्यतिथी, मुलाचा दहावीचा निकाल, निमित्त कोणतंही चालेल. त्या दिवशी दात्याचं नाव गाडीच्या फळ्यावर खडूने लिहायचं. फेरीचा पूर्ण खर्च ३,७११ रुपये पडतो, हे दात्याला लपवू नये.

सभेने तीन गोष्टींवर मत द्यावं: चालकाचा पगार, ग्रामपंचायतींचा ११,००० चा आकडा आणि मे महिन्यातल्या फेऱ्या. चालकाचा नवा पगार एप्रिलपासून लागू करायचा असेल तर निर्णय याच सभेत हवा. गाडीचा विमा २८ एप्रिलला संपतो, त्याचे २४,००० मंजुरीची वाट न पाहता भरावे लागतील.

कोषाध्यक्ष