गाळण, ऊर्ध्वपातन की क्रोमॅटोग्राफी? (वर्कशीट, एकूण 12 मार्क)

प्रत्येक प्रश्नात पद्धत निवडा (1 मार्क) आणि थोडक्यात कारण लिहा (1 मार्क). कारणात "त्याने वेगळं होतं म्हणून" असलं काही चालणार नाही, कुठल्या गुणधर्मात फरक आहे ते यायला हवं, म्हणजे घटक विरघळतोय की नाही, उत्कलनांक वेगळे आहेत का, की द्रावकाबरोबर कागदावरून सरकायचा वेग वेगळा आहे.

एक सोडवून देतो. पाण्यात खडूची पूड पडलीय. उत्तर: गाळण, कारण खडू पाण्यात विरघळत नाही, कण फिल्टर पेपरवर अडकतात आणि पाणी खाली उतरतं.

प्र. 1. मीठ विरघळलेलं पाणी आहे आणि आपल्याला शुद्ध पाणी परत हवंय. (मीठ नाही, पाणी! प्रश्न नीट वाचा.)

प्र. 2. काळ्या स्केचपेनच्या शाईत नेमके किती रंग मिसळलेत ते बघायचंय.

प्र. 3. बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेटची द्रावणं एकत्र केली, पांढरा अवक्षेप आला, तो बाजूला काढायचाय.

प्र. 4. ॲसिटोन आणि पाणी एकजीव झालंय, दोन्ही हवेत. ॲसिटोन 56°C ला उकळतं, पाणी 100°C ला.

प्र. 5. पालकाच्या पानाचा हिरवा अर्क काढलाय, त्यात हिरव्याशिवाय दुसरी रंजकद्रव्यं आहेत का?

प्र. 6. वाळू आणि मोरचूद पाण्यात एकत्र आहेत, वाळूही वेगळी हवी आणि पाणीही. इथे एका पद्धतीत काम होणार नाही, क्रम लिहा.

उत्तरं (आधी स्वतः सोडवा, मग बघा)

1. ऊर्ध्वपातन. पाण्याची वाफ होते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत पाणी मिळतं, मीठ फ्लास्कमध्येच राहतं. गाळण लिहिलं असेल तर चूक, विरघळलेलं मीठ फिल्टर पेपरमधून आरामात निघून जातं. नुसतं उघड्या भांड्यात आटवलं तर मीठ मिळेल पण पाणी हवेत जाईल.

2. क्रोमॅटोग्राफी. जो रंग द्रावकात जास्त विरघळतो आणि कागदाला कमी धरून राहतो तो जास्त वर चढतो. सुरुवातीची रेघ पेन्सिलनेच मारायची, पेनने मारली तर तिचीच शाई पसरते, आणि द्रावकाची पातळी ठिपक्याच्या खाली ठेवायची, नाहीतर ठिपका तिथेच धुऊन जातो. शाई परमनंट मार्करची असेल तर पाण्यात हलणारच नाही, अल्कोहोल घ्या.

3. गाळण. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

4. ऊर्ध्वपातन. उत्कलनांकात 44 अंशांचा फरक आहे, ॲसिटोन आधी बाहेर येतं. फरक 25 अंशांपेक्षा कमी असता तर भागशः ऊर्ध्वपातन लिहायला लागलं असतं.

5. क्रोमॅटोग्राफी, कारण प्र. 2 सारखंच. क्लोरोफिलच्या हिरव्या पट्ट्यांशिवाय पिवळे पट्टेही दिसतात.

6. आधी गाळण, वाळू विरघळत नाही म्हणून ती कागदावर राहते. खाली आलेल्या निळ्या द्रावणाचं मग ऊर्ध्वपातन. क्रम उलटा लिहिला तर 1 मार्क कापणार, कारण पाणी गेल्यावर वाळू आणि मोरचूद फ्लास्कमध्ये एकत्रच उरतात.