आजचं राहू दे गं

अगं मृणाल, आज मला यायला जमत नाहीये. सॉरी, अगदी मनापासून सॉरी. साडेसात वाजलेत, तुझा स्वयंपाक उरकत आला असेल आणि मी आत्ता कळवतेय.

आई पडली. घाबरू नकोस, डोक्याला वगैरे काही लागलेलं नाही. मी तुझ्याकडे यायचं म्हणून आवरत होते, तेवढ्यात ही माळ्यावरची बरणी काढायला स्टुलावर चढली. पडताना उजवा हात टेकला. मनगट बघता बघता टम्म फुगलं, बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. एक्स-रे झाला. मनगटाजवळचं हाड मोडलंय, पण सरकलेलं नाही, त्यामुळे ऑपरेशन नको, प्लास्टरवर भागेल म्हणाले. आता प्लास्टरसाठी थांबलोय, पुढे अजून दोन पेशंट आहेत.

आईचं आपलं एकच चाललंय, "तू जा मृणालकडे, मी रिक्षा करून जाईन घरी." एका हाताने कुलूप कसं उघडशील विचारलं, तर म्हणे शेजारच्या वहिनी उघडतील. तिला सोडून येणं शक्यच नाही गं.

खरं तर सहा वाजताच तुला फोन करायला हवा होता. बर्फ लावला की उतरेल, फार तर तासभर उशीर होईल, असं धरून बसले. तेव्हाच सांगितलं असतं तर तू एवढा घाट घातला नसतास. त्याचंच जास्त वाईट वाटतंय. सकाळी तू सुरमईचा फोटो पाठवलास तेव्हापासून मी दुपारचं जेवणही बेतानेच जेवले होते!

उद्या शनिवार, तुमच्याकडे चालत नाही, म्हणून माझ्यासाठी काही काढून ठेवू नकोस. सगळ्या तुकड्या आजच तळा आणि गरम गरम खा. माझ्या वाटची सोलकढी अमितला दे, तो नाही म्हणणार नाही. इरा रुसेल. तिचे खडू आणलेत, ते माझ्या पिशवीतच आहेत, एवढं तिला सांग.

रविवारी दुपारी तुम्ही तिघं आमच्याकडे जेवायला याल का? वालाचं बिरडं करते. घरी गेल्या गेल्या वाल भिजत घालते, म्हणजे रविवारपर्यंत मोड येतील. आईला या हाताने सोलता यायचे नाहीत, तेव्हा तू जरा लवकर ये. रागावली असलीस तरी ये, वाल सोलता सोलता मला काय बोलायचं ते बोल. दुसरं काही ठरलं असेल तर तुला सोयीचा दिवस सांग, मी जमवते.

इथे तळघरात रेंज येते-जाते. फोन लागला नाही तर मेसेज टाक, घरी पोचले की मीच करते.