वाचनालयाचं नाव: वाफसा

सरपंचताई, गुरुजी, पारावर बसलेली थोरली मंडळी आणि मागं उभ्या राहिलेल्या माझ्या जावा-नणंदा, सगळ्यांना नमस्कार.

आज एवढी माणसं जमली ती काही वाचनालयाच्या नावासाठी नाही, हे मलाही कळतं. परवा रात्री आणि काल दुपारी पाऊस झाला, रानात पाय घातला की चपलेला किलोभर माती येतेय, म्हणून आज कुणाला काम नाही. नाहीतर जूनच्या शेवटी बैठक लावली असती तर गुरुजी, मी आणि समोरचा मारुतीराया, एवढेच असतो.

आता गंमत बघा. मी जे नाव सुचवायला उभी आहे, ते तुम्ही सकाळपासून दहा वेळा तरी तोंडातून काढलंय. चहाच्या टपरीवर, नळावर, फोनवर, सगळीकडं एकच चौकशी चाललीय, तुमच्याकडं वाफसा झाला का?

समितीच्या वतीनं मी सुचवते की आपल्या वाचनालयाचं नाव 'वाफसा' ठेवावं.

हसा, काही हरकत नाही. समितीत पहिल्यांदा निघालं तेव्हा आम्हीही हसलोच. त्याआधी वहीत चौदा नावं लिहून झाली होती. ज्ञानदीप, ज्ञानगंगा, सरस्वती ही तर आलीच. पण त्या नावांचे क्लास आणि झेरॉक्सची दुकानं तालुक्याला इतकी आहेत की पोस्टमनसुद्धा गोंधळेल. महापुरुषांची नावंही निघाली. त्यांच्या तसबिरी आणि त्यांची पुस्तकं आपल्या खोलीत असणारच आहेत. पण एक नाव घेतलं की दुसरं का नाही, यावर आपण किती महिने भांडू शकतो ते मी सांगायला नको. आणि माणसाचंच नाव लागतं असंही नाही. रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं आहे, त्याला 'नगर वाचनालय'च म्हणतात, आणि दोनशे वर्षं होत आली तरी त्याचं काही अडलेलं नाही.

मग गुरुजी म्हणाले, आपल्या रानातलाच एखादा शब्द घ्या की. तिथून खरी मजा सुरू झाली. कुणी म्हणालं 'बेवड'. अर्थ किती सुंदर आहे! आधीच्या पिकानं जमिनीत जे मागं ठेवलं, ते पुढच्या पिकाच्या कामी येतं. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आपण म्हणतोच. पण पाटी लागल्यावर तिथं बसणाऱ्या पोरांना अख्ख्या पंचक्रोशीत काय म्हणतील, हे लक्षात आलं आणि तो विषय तिथंच थांबला. दुसरा शब्द 'घात'. पेरणीची घात आली, हे आपल्याला कळतं. पण बाहेरच्या माणसानं 'घात वाचनालय' वाचलं तर तो पायरी चढेल का?

शेवटी वाफसा राहिला, आणि जितका विचार केला तितका तो बसत गेला.

पोरांसाठी सांगते, कारण निम्म्यांचे पाय आता रानाला लागत नाहीत. पाऊस पडला की मातीच्या कणाकणांमधली सगळी पोकळी पाण्यानं भरते. हवेला जागाच राहत नाही. तेव्हा बी टाकलं तर ते उगवत नाही, गुदमरून कुजतं. जास्तीचं पाणी खाली झिरपून गेलं, ऊन लागलं, की त्याच पोकळीत पाणीही असतं आणि हवाही असते. त्या अवस्थेला वाफसा म्हणायचं. माझ्या सासूबाई बांधावर उभ्या राहून मूठभर माती उचलतात, दाबून तिचा गोळा करतात आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडतात. गोळा तसाच थप्पकन बसला, तर अजून थांबा. मुठीतच भुगा झाला, तर उशीर झाला. खाली पडल्यावर अलगद फुटला, तर तिफण जुंपा. आता तिफण नाही, ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आहे, पण मूठ अजून तीच आहे.

आमच्या घरी एका वर्षी कुणी ती मूठ ऐकली नाही. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर रिकामा मिळतोय म्हणून ओल्यातच सोयाबीन पेरलं. वरून ऊन तापलं, काळ्या मातीची पापडी धरली, खाली बी सडलं. दुबार पेरणी करावी लागली. बियाणं चांगलं होतं, पाऊस चांगला होता, जमीनही चांगली होती. वेळ तेवढी चुकली.

आता पुस्तकांकडं येते. आपण पोरांच्या बाबतीत हेच करतो. परीक्षा आली की गाईड, क्लास, टेस्ट सिरीज, सगळं एकदम ओततो. पाणी भरपूर, हवा नाही. म्हणून दूध संकलनाच्या जुन्या खोलीत आपण जी 412 पुस्तकं लावली आहेत, त्यांत स्पर्धा परीक्षेचं एकच कपाट आहे. बाकी गोष्टी आहेत, चरित्रं आहेत, शेतीची आहेत, विनोदी आहेत. काही पालकांची त्यावर तक्रार आहे, ती मला माहीत आहे. पण पोरानं तासभर नुसतं खिडकीतून बाहेर बघत बसावं, तेही त्या खोलीत चालेल असं मला वाटतं.

आणखी एक. सगळ्या रानाला वाफसा एका दिवशी येत नाही. माळावरच्या मुरमाड रानात दुसऱ्या दिवशी पेरता येतं, ओढ्याकाठच्या काळ्या रानाला चार-पाच दिवस लागतात. म्हणून काळ्या रानाला कुणी नापास करत नाही. उलट पुढं पावसानं ताण दिला की ओल धरून तेच राहतं. माझ्या सासूबाईंना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी अक्षर लागलं. या हिवाळ्यात नातवाच्या शेजारी बसून सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं, आणि लगेच म्हणाल्या, क्षेत्र कमी लागलंय. खरंच कमी लागलं होतं. तर आपल्या वाचनालयात वयाची अट नको, आणि महिन्याला इतकी पुस्तकं वाचलीच पाहिजेत असा नियमही नको.

राहिला स्पेलिंगचा प्रश्न. तात्या 'वापसा' म्हणतात, मीही माहेरी तेच म्हणायचे. समितीत एकानं तर 'वापसा'च लिहा म्हणून आग्रह धरला, म्हणजे पुस्तकं वापस येतील तरी! पण 'फ'नं लिहिलं की त्यात 'वाफ' डोळ्यांना दिसते. पाऊस उघडल्यावर सकाळच्या उन्हात रानातून जी निघते, ती. म्हणून पाटीवर 'वाफसा', तोंडानं ज्याला जे येईल ते.

नाव आजच ठरलेलं बरं. नोंदणीचे कागद करायचेत, त्यावर एकदा नाव चढलं की बदलायला परत सगळे ठराव आले. रंगारी गुरुवारी येतोय. आणि मघाशी ढग फाटलेत. उद्या ऊन पडलं की परवा माळावरची मंडळी पेरायला जाणार, मग दिवाळीपर्यंत तुम्ही मला सापडत नाही.

सूचक मी. अनुमोदन कोण देतंय?