आबांसाठी एक शब्द

मंडळी, सकाळी घाटावर कावळा लगेच शिवला. आबांची इच्छा मागे राहिली नव्हती, असं सगळे म्हणाले. मला मात्र वाटलं, कावळ्यालासुद्धा आबांनी ताटकळत ठेवलं नाही.

मी या गावच्या शाळेत 1994 साली मराठी शिकवायला आले. पहिल्याच महिन्यात फळ्यावर समानार्थी शब्द लिहिले: शहाणा, सुज्ञ, समंजस, विवेकी, धोरणी, जाणता. पोरांनी पाठ केले आणि घरी जाताना पारावर आबांना म्हणून दाखवले. दुसऱ्या दिवशी आबा शाळेच्या दारात. "बाई, ह्ये सगळं एकच कसं? शहाणा तर आम्ही भांडणात म्हणतो. लई शहाणा झालास व्हय रं!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नंतर मला आबांकडे बघून मिळत गेलं.

धोरणी म्हणजे काय, ते त्यांच्या आईच्या रागातून कळलं. 1972 चा दुष्काळ. आबा तेव्हा पस्तिशीचे. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मिलोची भाकरी खायची, लेकरांना सुकडी. आणि घरात कणगीच्या तळाशी दोन पायल्या शाळू, राख लावून ठेवलेला. आई म्हणायची, "लेकरं उपाशी निजत्यात आन् तू जोंधळा राखतोस?" आबांनी कणगीला हात लावू दिला नाही. त्याआधी, बाजारात अजून भाव होता तेव्हाच, त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकून गाईपुरता कडबा घेतला होता. लोक हसले होते. पुढे जनावरं मातीमोल गेली. पाऊस झाला तेव्हा गावात ज्यांच्याकडे बी होतं, अशी घरं बोटावर मोजण्याइतकी. आबा हे सांगताना कधी फुशारले नाहीत. "आईला मी लई रडवलं," एवढंच म्हणायचे. माझ्या फळ्यावर 'धोरणी' शेजारी हे रडणं कुठं होतं?

समंजस शब्दाची गोष्ट इथल्या दोन भावांना ठाऊक आहे, ते समोरच बसलेत आणि हसतायत. बांधावरच्या बाभळीवरून भांडण कोर्टात निघालं होतं. तीन संध्याकाळ आबांनी दोघांना मनसोक्त भांडू दिलं, स्वतः चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी विचारलं, "तारखेला दहिवडीला जायला किती लागत्यात?" एसटी, वकील, बुडालेला रोज असा हिशेब झाला आणि बाभूळ स्वस्त निघाली. ती बहिणीच्या दाराच्या चौकटीला गेली.

विवेक या शब्दाच्या मुळाशी वेगळं काढणं, निवडणं आहे. पुस्तकात दूध-पाणी वेगळं करणारा हंस भेटतो, आपल्याकडे सूप आहे. आबा बोलणंही पाखडायचे. तक्रार घेऊन गेलेल्याचा राग फोलपटासारखा उडून जायचा, मागं राहायचं ते दाणाभर खरं दुखणं.

म्हणून ते चुकलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. एका मुलीला दहावीनंतर कॉलेजला धाडायला त्यांनी ठाम विरोध केला होता. माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. ती मुलगी नर्स होऊन आली, तेव्हा भर पारावर म्हणाले, "बाई, माझं चुकलं." वयानं पोक्त झालेली किती माणसं असं चारचौघांत म्हणतात?

एकदा मी त्यांना पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट सांगितली. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पुरे आणि नाना फडणवीस अर्धे, कारण ते तलवारीचे नव्हते. आबा म्हणाले, "मग मी पाव. मला नुसती सही येती."

पण शाळूच्या उभ्या पिकातून हिंडत, ताटं हातानं वाकवून, भरलेली, घट्ट दाण्याची कणसं बियाण्यासाठी बाजूला काढणारा हा माणूस पारखी होता. माणसांच्या बाबतीतही तसंच. कोणाला उधार द्यायचं, कोणाला नुसतं जेवायला बसवायचं, हे त्यांना बघताक्षणी कळायचं.

परवा शाळेत मुलांनी विचारलं, आबांसाठी कोणता शब्द लिहायचा? मी 'जाणता' सांगितला. एका पोरानं तो खोडून 'आबा' लिहिलं. व्याकरणात बसत नाही, तरी मी गुण दिले.

शेवटी दादांनी सांगितलेला निरोप. यंदाचं शाळूचं बी आबांनी निवडून ठेवलेलं आहे, पेरणी आठ दिवसांवर आली. ज्यांना हवं त्यांनी उद्या सकाळी वाड्यावर यावं. रीत आबांचीच: मापानं न्यायचं, मापानं परत करायचं, वाढीदिढी नाही. माप घरचं आणू नका. आबांची पायली तिथंच आहे.