आंब्याच्या दिवसांत आईचे आठवड्याचे जेवण

वहिनी आणि दादा, आंबे घरात येऊ लागले आहेत आणि मधुमेह असलेल्या आईला ते द्यावेत की नाहीत यावर दररोज चर्चा होते, म्हणून मी तिच्या डॉक्टरांशी बोलून पूर्ण आठवड्याची आखणी लिहून ठेवत आहे. दुपारी आईसोबत असणाऱ्या मावशींनाही ती वाचून दाखवावी. आईचे वय ७६ आहे. नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन अशा तिच्या गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाची गोळी वेगळी आहे, आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असता तर आंब्यातील पोटॅशियमचाही विचार करावा लागला असता आणि ही आखणी वेगळी झाली असती, त्यामुळे ती जशीच्या तशी दुसऱ्या कोणाला देऊ नये. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर १८०च्या आत असावी, असे डॉक्टरांनी आईसाठी ठरवून दिले आहे.

सर्व आखणी एकाच नियमावर उभी आहे: पिकलेला आंबा जेवणाच्या वर म्हणून द्यायचा नाही, तो ताटातल्या कशाच्या तरी जागी द्यायचा. १०० ग्रॅम पिकलेल्या गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतील बहुतेक साखरच असते. २५ ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातही जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी जास्त कर्बोदके असतात. म्हणजे आंबा आला की एक फुलका किंवा पाच-सहा चमचे भात ताटातून कमी व्हायला हवा. साखर बहुधा चढते ती दोन पोळ्या, भात, वाटीभर रस आणि वर ‘आजच्या दिवस’ म्हणून वाढलेली आणखी एक फोड हे सर्व एकाच बैठकीत पोटात गेल्यामुळे, केवळ आंबा खाल्ल्यामुळे नव्हे. आईचा वाटा आपण एका वेळी ८० ग्रॅम गराचा ठरवू आणि तो ओट्यावरच्या वजनकाट्यावर मोजूनच कापू, कारण आंब्यांचे आकार इतके वेगवेगळे असतात की ‘अर्धा आंबा’ या मापाला काही अर्थ उरत नाही.

कैरीची गोष्ट निराळी आहे. कैरीत स्टार्च आणि आम्ल अधिक असते व साखर थोडी असते. फळ पिकते तसे त्या स्टार्चचे साखरेत रूपांतर होते. त्यामुळे आंबटपणासाठी वापरलेली कैरी आईच्या जेवणात रोज असली तरी चालेल. मात्र तिला औषध समजू नये, आणि कैरीच्या पदार्थात गूळ घातला की तिचा हा फायदा संपतो. गूळ मुख्यतः साखरच आहे, हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्याकडे गुळाला फार लवकर माफी मिळते. देठाकडचा चीक घशाला लागतो, म्हणून कैरी पाण्यात अर्धा तास ठेवून, देठाकडचा भाग कापून मगच वापरावी.

सोमवारी फक्त कैरी. नाश्त्याला हिरव्या मुगाची दोन धिरडी आणि कैरी, कोथिंबीर, पुदिना यांची साखर न घातलेली चटणी द्यावी. दुपारी एक ज्वारीची भाकरी, दुधीची किंवा तोंडल्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि चिंच-गुळाऐवजी कैरीच्या फोडी घालून केलेले तुरीचे घट्ट वरण द्यावे. चार वाजता पन्हे. एक मध्यम कैरी वाफवून तिचा गर चार पेले पाण्यात कालवावा, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, वेलदोडा आणि पुदिना घालावा, आणि रक्तदाबामुळे मीठ अगदी चिमूटभरच ठेवावे. घरातल्या इतरांना गूळ हवा असेल तर तो त्यांच्या पेल्यात नंतर मिसळावा, भांड्यात नव्हे. रात्री मुगाची डाळ जास्त आणि दलिया कमी अशी पातळसर खिचडी, सोबत शिजवलेली भाजी.

मंगळवारी पहिला पिकलेला आंबा, तोही जेवणात न देता दुपारी चार वाजता. आई त्या वेळी चहाबरोबर चार बिस्किटे खाते. त्या दिवशी बिस्किटे बंद ठेवून ८० ग्रॅम आंब्याच्या फोडी आणि पाच-सहा भिजवलेले बदाम द्यावेत. बिस्किटांतील कर्बोदके आणि या फोडींतील कर्बोदके यांत फारसा फरक नाही, आणि बदामांतील प्रथिने व स्निग्धांशामुळे साखर सावकाश वाढते. बिनसाखरेचा चहा अर्ध्या तासाने द्यावा. आंबा फोडींच्या रूपातच द्यावा, कारण चावून खाताना वेळ लागतो आणि थोड्यात समाधान होते, तर रसाची वाटी दोन मिनिटांत रिकामी होते. या दिवसाच्या दोन्ही जेवणांत कैरी नसली तरी चालेल. एवढ्या आंबटाने आईला कधी कधी जळजळते, म्हणून मधे एक विसावा असलेला बरा.

बुधवारी आंबेडाळ करावी. आईचा हा सर्वांत आवडता पदार्थ आहे आणि सुदैवाने तिच्या प्रकृतीला तो मानवणाराही आहे, कारण हरभऱ्याच्या डाळीने साखर हळूहळू वाढते आणि तीत प्रथिनेही भरपूर असतात. डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, पण नेहमीप्रमाणे कच्ची न ठेवता दहा मिनिटे वाफवून घ्यावी, म्हणजे या वयात पोट फुगण्याचा त्रास कमी होतो. मग किसलेली कैरी, थोडे ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग, मोहरी, हळदीची फोडणी. नेहमी घालतो तो साखरेचा चमचा वगळावा. वाटीभर आंबेडाळ हीच मुख्य वस्तू समजून तिच्यासोबत एक भाकरी, चवळीच्या पाल्याची भाजी आणि ताक द्यावे, भात देऊ नये. रात्री डाळ पुन्हा वाढू नये. दोन फुलके, पडवळाची भाजी आणि दही पुरे.

गुरुवारी पिकलेला आंबा दुपारच्या जेवणात. इथे वाढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाजर-काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ वाढावी, ती बरीचशी खाऊन झाल्यावर एक फुलका द्यावा आणि शेवटी ८० ग्रॅम फोडी. भाजी आणि प्रथिने आधी पोटात गेली की नंतरच्या कर्बोदकांनी साखर तितकी उसळत नाही. नेहमीच्या दोन फुलक्यांपैकी एक आणि भात त्या दिवशी नाही. जेवल्यावर आई लगेच आडवी होते. तिला दादांनी किंवा मावशींनी हात धरून घरातल्या घरातच दहा-पंधरा मिनिटे फिरवावे. उन्हात नेण्याची गरज नाही.

शुक्रवार आणि शनिवार साधे ठेवावेत. शुक्रवारी किसलेली कैरी आणि कांद्याचा तक्कू दोन चमचे, बाकी नेहमीचे जेवण. शनिवारी कैरीचा भात करायचा असेल तर आईच्या वाटणीला शिजलेला भात अर्धी वाटी आणि त्यात तितकेच वाफवलेले मोड आलेले मूग मिसळावेत, वर थोडे दाणे. दाणे तिच्या कवळीला जड जातात, म्हणून कूट करून घालावेत. यांपैकी एखाद्या दिवशी एकादशी आली तर साबुदाणा आणि आंबा एकत्र मुळीच नको, आणि उपास धरायचाच असेल तर ग्लिमेपिराइडचे काय करायचे हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

रविवारी घरात आमरस होतो आणि त्या पंगतीत आई असलीच पाहिजे. तिच्यासाठी ताज्या आंब्याचा, साखर आणि दूध न घातलेला रस लहान वाटीत ८० ग्रॅम मोजून ठेवावा. डब्यातला रस आणलाच तर त्यात साखर घातली आहे का ते वेष्टनावर वाचावे, आणि असल्यास तिच्यासाठी तो वापरू नये. रसात चिमूटभर सुंठ आणि अर्धा चमचा तूप चालेल. पुऱ्यांऐवजी एक फुलका, आधी कोशिंबीर आणि मुगाची उसळ, आणि ताटात बटाट्याची भाजी, भात, कुरडई यांपैकी काहीही नको. रात्री भूक कमी असेल तरी जेवण चुकवू नये, कारण गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर उतरू शकते. भाज्यांचे दाट सूप, पनीर आणि एक लहान भाकरी द्यावी.

साखरांबा, गुळांबा, आंबापोळी, आंब्याची बर्फी, मिल्कशेक आणि आम्रखंड हे आईच्या यादीत नाहीत, ‘चवीपुरते’ म्हणूनही नाहीत. लोणच्यात साखर नसली तरी मीठ खूप असते, म्हणून दिवसाला एक लहान फोड पुरे.

मुलांना माझी एक कळकळीची विनंती आहे. आईसमोर आंबे खाऊन तिला ‘तुला चालत नाही’ असे म्हणू नये. तिचा वाटा आधीच कापलेला असावा आणि सर्वांच्या वाट्या येतील तेव्हाच तिची वाटी यावी. स्वयंपाकघरात लपून खाल्लेल्या आंब्याचे मोजमाप कोणालाच करता येत नाही, आणि या वयात तिच्यावर लपून खाण्याची वेळ आणणे मला पटत नाही.

मंगळवार, गुरुवार आणि रविवार या तीन दिवशी आंब्याच्या आधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजून ओट्याजवळच्या वहीत तारीख, वेळ आणि काय खाल्ले यांसह लिहावी. एकदा आकडा १८०च्या वर गेला तर आधी त्या जेवणात आणखी काय होते ते पाहावे. सलग दोनदा गेला तर वाटा ५० ग्रॅम करावा आणि मला कळवावे. गोळ्यांचे प्रमाण आपण स्वतः बदलायचे नाही. याउलट आईला थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच साखर मोजावी, आणि ती ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे सपाट तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात घालून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. मोजायला यंत्र हाताशी नसेल तरी पावडर देण्यास थांबू नये. अशा वेळी आंबा देऊ नये, कारण त्यातली साखर तितक्या झटपट रक्तात येत नाही. ती नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि थेट रुग्णालयात न्यावे. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी ही आखणी बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा. ग्लुकोजचा डबा मी देवघराच्या कपाटातून काढून फ्रिजवर ठेवला आहे, आणि वही पुढच्या तपासणीला दादांनी सोबत न्यावी.