दत्ताकाकांना पाठवायचे मेसेज (आधीचे बाजूला ठेव)

ओंकार,

कुंद्याच्या मिठाईच्या डब्यांच्या कोटेशनवरून तू दत्ताकाकांना लिहिलेले मेसेज रात्री वाचले. तीन गेलेत, चौथा लिहून ठेवलायस. तुला एकदा सलग दिसावेत म्हणून खाली उतरवते.

2 जुलै: काका, कोटेशन बघितलं का?
5 जुलै: काका, रिमाइंडर.
9 जुलै: काका, ब्लू टिक दिसतेय पण रिप्लाय नाही. आमचं काही चुकलं का?
न पाठवलेला: काका, तुमच्यासाठी आम्ही दर एवढा उतरवला. नको असेल तर स्पष्ट सांगा, आमचाही वेळ जातो.

चौथा गेला नाही हे बरं झालं. पण मला खरा खटकला तो तिसरा. ब्लू टिकचं बोलणं म्हणजे खिडकीतून डोकावून "घरात आहात की!" म्हणण्यासारखं आहे. शिवाय "काही चुकलं का" विचारलं की त्या साठीच्या माणसाने आधी तुझी समजूत काढायची, आणि मग डब्यांचं बोलायचं. ते गप्प बसणारच.

मग मी कोटेशन काढून बघितलं. काका शहापूरला प्रेसवर आले होते तेव्हा त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली होती: डब्यावर कुंद्याचं नाव कन्नड आणि मराठी दोन्हीत बसेल का? आपण अर्धा आणि पाव किलो, दोन्ही मापांच्या प्रत्येकी पाच हजार नगांचा भाव दिला, डायचा खर्च दिला, अ‍ॅडव्हान्स किती तेही लिहिलं. याचं उत्तर मात्र कुठेच नाही. म्हणजे उत्तर द्यायचं आधी आपल्याकडेच राहिलंय. आजचा मेसेज तिथूनच सुरू केलाय.

आज, 15 जुलै, दुपारी तीननंतर पाठव. सकाळी त्यांच्याकडे दूध येतं, भट्टी पेटलेली असते.

"नमस्कार दत्ताकाका. तुम्ही विचारलं होतं की डब्यावर नाव कन्नड आणि मराठीत येईल का. कोटेशनमध्ये ते लिहायचं आमच्याकडून राहिलं. उत्तर असं: झाकणावर वर कन्नड, त्याखाली मराठी, दोन्ही ठळक बसतात. हिरवी खूण झाकणावर नावाजवळच येईल. वजन, एमआरपी, तारीख, घटक आणि तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर बाजूच्या पट्टीवर इंग्रजीत येईल. याचे वेगळे पैसे नाहीत. झाकणाचा कच्चा नमुना सोबत जोडलाय. कन्नड अक्षरं तुमच्या पाटीवर आहेत तशीच घ्यायची, की वेगळी? सवडीने कळवा. ओंकार"

"कोटेशन बघितलं का" हे यात कुठेही नाही. त्यांनी ते बघितलंय. आणि "अक्षरं पाटीसारखी" एवढं त्यांना भट्टीपाशी उभ्या उभ्या एका बोटाने लिहिता येईल.

यावरही काही आलं नाही तर दहा दिवस काही करायचं नाही. फोन नाही, स्टेटसला डब्यांचे फोटो नाहीत, आणि त्यांच्या सुनेला "जरा काकांना आठवण करा की" असं तर मुळीच नाही. बिलं ती बघते हे मला माहीत आहे. पण घरात तिच्या तोंडून आपलं नाव निघालं की काकांना आपण पाठीमागून आलो असं वाटेल. रविवारपेठेत भेटले तर नमस्कार कर, पावसाचं बोल आणि पुढे हो.

25 जुलैला पोऱ्याबरोबर अर्धा किलोचा एक कोरा डबा दुकानात पाठव आणि हा मेसेज टाक:

"नमस्कार काका. अर्धा किलोचा एक कोरा डबा आज दुकानात पाठवलाय. 300 जीएसएमचा बोर्ड, आतून लॅमिनेशन. कुंद्याचं तूप सुटून तळ तेलकट होतो म्हणून आम्ही त्यात अर्धा किलो कुंदा भरून एक रात्र ठेवून बघितला, बाहेर डाग आला नाही. तुम्हीही तुमचा माल भरून बघा. आणखी एक: पाच हजार नग एकदम नको असतील तर फक्त अर्धा किलोचे 2,000 करता येतील. नग कमी म्हणून भाव 11.40 ऐवजी 13.60 पडेल, म्हणजे 27,200 रुपये, जीएसटी आणि एकदाचा डायचा खर्च वेगळा. पाव किलोचं नंतर बघू. डबा परत करायची गरज नाही. ओंकार"

इथे भाव लपवायचा नाही. कमी नगांना जास्त दर का, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तेही पाव किलो आणि पाच किलोला एकच हिशेब लावत नाहीत. मला वाटतं अडलंय ते इथेच. दोन्ही मापांचे मिळून 98,000 होतात. श्रावणाच्या आधी, दुकानात गिऱ्हाईक कमी असताना, एवढी रक्कम बोर्डात अडकवायला कोणीही दोनदा विचार करेल. ते पैशाचं बोलणार नाहीत. आपण लहान आकडा पुढे ठेवला की त्यांना बोलावं लागत नाही.

8 ऑगस्टचा शेवटचा. याच्यानंतर काही पाठवायचं नाही.

"नमस्कार काका. डब्यांच्या कोटेशनमधला भाव आम्ही आजपर्यंत धरून ठेवला होता. उद्यापासून बोर्डाचा जो भाव असेल त्याप्रमाणे नवीन करावा लागेल, म्हणून हे कोटेशन आता बंद करतोय. दिवाळीसाठी डबे हवे असतील तर डिझाइन पक्कं झाल्यापासून आम्हाला 25 दिवस लागतात, त्या हिशेबाने कधीही सांगा, नवीन भाव त्याच दिवशी देतो. यंदा नको असेल तरी काही अडचण नाही. झाकणाचा नमुना आमच्याकडे जपून ठेवलाय. ओंकार"

"शेवटचा मेसेज आहे", "आता तुमची मर्जी" असलं काही जोडू नकोस. तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते.

मधेच त्यांचं उत्तर आलं तर गडबडून जाऊ नये म्हणून ही दोन तयार ठेव.

दर जास्त वाटतो म्हणाले तर:
"बरोबर काका. बोर्ड हलका केला तर दर उतरेल, पण तळ तेलकट होईल, म्हणून तो मी सुचवणार नाही. छपाई चार रंगांऐवजी दोन रंगांत केली तर फरक पडेल. दोन रंगांचा भाव उद्या दुपारपर्यंत पाठवतो."

दुसरीकडे दिलं म्हणाले तर:
"कळवलंत, बरं झालं काका. डबे छान होऊ देत. पुढे कधी लेबल, पिशव्या लागल्या तर सांगा."

आणि काय रे, कोणाला दिलं ते विचारायचं नाही. आठ दिवसांत ते आपल्यालाच गल्लीत ऐकू येईल.

पहिला मेसेज आज पाठवण्याआधी झाकणावरची कन्नड अक्षरं खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून तपासून घे. गेल्या वेळी लग्नपत्रिकेत एक मात्रा राहिली होती आणि शंभर पत्रिका आपल्या खर्चाने परत छापाव्या लागल्या, आठवतंय ना.

कुंदा भरून ठेवलेला डबा टेबलावर आहे. तळ कोरडा आहे, हात लावून बघ. कुंदा मात्र शोधू नकोस, तो मी संपवला.

आत्या